मोहावेचा शाफ्ट का तुटला?

अमेरिकेत नेवाडा राज्यात, कोलोरॅडो नदीच्या काठी लाफलिन गावाजवळ मोहावे नावाचं कोळशावरचं वीजकेंद्र होतं. 790 मेगावॅटचे दोन संच. तिथली वीज 500 किलोव्होल्टच्या लांब वाहिन्यांवरून दक्षिण कॅलिफोर्नियाला जायची. 9 डिसेंबर 1970 रोजी त्यातल्या एका संचाचा शाफ्ट जनरेटर आणि एक्सायटर यांच्यामध्ये निकामी झाला. दुरुस्ती झाली, संच पुन्हा सुरू झाला. 26 ऑक्टोबर 1971 रोजी पुन्हा तसंच घडलं. पोलादाचा जाडजूड दंड दोनदा निकामी होतो, याचं खरं कारण या दुसऱ्या अपघातानंतरच उमगलं. ते यंत्रात नव्हतं, वाहिनीत होतं.

वाहिनी जितकी लांब, तितका तिचा रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा अडसर, जास्त. त्यामुळे तिच्यातून किती वीज नेता येईल यावर मर्यादा येते. दुसरी वाहिनी उभारायची तर जमीन, मनोरे, पैसा आणि वर्षं लागतात. त्यापेक्षा वाहिनीतच कपॅसिटर ओवले, तर ते या अडसराचा काही भाग खोडून काढतात आणि त्याच तारांतून जास्त वीज जाते. हा उपाय स्वस्त आहे आणि चांगलाही आहे. अडसराचा 70 टक्क्यांपर्यंत भाग असा खोडला तरी फारशी चिंता नाही, असं 1971 पर्यंत सर्रास मानलं जायचं.

पण कपॅसिटर आणि वाहिनीचा इंडक्टन्स एकत्र आले की त्या जोडीला स्वतःची एक कंपनसंख्या मिळते. जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर धरून सगळ्या मार्गाचा जो अडसर असेल, त्याचा एक चतुर्थांश कपॅसिटरने खोडला असं समजा. एक चतुर्थांशाचं वर्गमूळ अर्धं, म्हणून ही कंपनसंख्या मूळ वारंवारतेच्या निम्मी येते. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, तेव्हा उत्तर 30 हर्ट्झ. जनरेटरचा रोटर मात्र स्वतः 60 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राबरोबर फिरत असतो, त्यामुळे त्याला वाहिनीतला हा प्रवाह दोन्हींच्या फरकाने, म्हणजे 60 वजा 30 इतक्या वेगाने, धक्के देताना जाणवतो.

आता शाफ्टकडे पाहू. टर्बाइनचे टप्पे, जनरेटर आणि एक्सायटर ही सगळी जड वजनं एकाच लांब दंडावर बसवलेली असतात. एका टोकाचं वजन क्षणभर पुढे गेलं आणि दुसरं मागे राहिलं, तर मधल्या दंडाला पीळ पडतो आणि तो उलटसुलट पिळत राहतो. अशा पिळाच्या प्रत्येक शाफ्टच्या ठरावीक कंपनसंख्या असतात. मोहावेच्या संचाची त्यातली एक होती सुमारे 30 हर्ट्झ.

एरवी हा पीळ आपोआप विरतो. इथे उलट घडलं. दंड जरासा थरथरला की जनरेटरच्या व्होल्टेजमध्ये 30 हर्ट्झचा अंश उमटे. वाहिनी नेमकी त्याच कंपनसंख्येला जुळलेली, म्हणून त्या छोट्या व्होल्टेजनेही मोठा प्रवाह वाही. तो प्रवाह रोटरला थरथरीच्या तालात आणखी पिळे. थरथर वाढली की प्रवाह वाढे. यालाच सबसिंक्रोनस रेझोनन्स म्हणतात, कारण हा सारा खेळ 60 हर्ट्झच्या खाली चालतो.

मग रोज का नाही घडलं? केंद्र एकाहून जास्त वाहिन्यांनी जाळ्याला जोडलेलं असताना ही जुळणी मोडलेली असते. अपघाताच्या वेळी जोडणीत बदल होऊन संच कपॅसिटर असलेल्या एकाच वाहिनीवर एकटा उरला होता. नियंत्रण कक्षात मिनिट-दोन मिनिटं दिवे लुकलुकत होते, कंपनाचे इशारे वाजत होते, एक्सायटरकडून येणाऱ्या प्रवाहाचा काटा पट्टीबाहेर गेला होता. चालकांनी संच हाताने बंद केला. तोवर स्लिप रिंगांजवळचा दंड पिळून पिळून तापला होता आणि तिथलं इन्सुलेशन जळालं होतं. नेहमीची संरक्षक यंत्रणा 60 हर्ट्झच्या दोषांसाठी रचलेली. तिच्या दृष्टीने असा दोष नव्हताच.

अ‍ॅरिझोनातल्या नवाहो केंद्रात पुढे नेमक्या घातक कंपनसंख्यांचे प्रवाह अडवणारे फिल्टर बसवले गेले. पिळाची वाढ ओळखून संच सोडवणारे रिले आले. थायरिस्टरने नियंत्रित कपॅसिटरही आले, जे कपॅसिटरचा प्रभाव क्षणोक्षणी बदलून ही जुळणी टाळू शकतात. भारतात कानपूर–बल्लभगड या 400 किलोव्होल्ट वाहिनीवर असा कपॅसिटर बसवला गेला.

या सगळ्यात माझ्या मते पहिला उपाय कागदावरचा आहे. औष्णिक केंद्राजवळच्या वाहिनीत कपॅसिटर घालण्याआधी यंत्र बनवणाऱ्याकडून शाफ्टच्या पिळाच्या कंपनसंख्या मागवाव्यात. एकेक वाहिनी बंद पडल्यास काय उरतं याची प्रत्येक शक्यता त्यांच्याशी ताडून पाहावी, आणि संच एकटा उरण्याची अवस्था तर कधीच वगळू नये.