कुठल्या किल्ल्यावर कुठून चाल करावी

शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. पट नऊ बाय नऊचा, दोन्ही बाजूंना वीस-वीस सोंगट्या. आपल्या बुद्धिबळात हत्तीशी एकदा अदलाबदल केली की राजा सुरक्षित झाला, असं मानून खेळाडू पुढे निघतो. शोगीत ते चालत नाही. इथे मारलेली सोंगटी मारणाऱ्याच्या हातात जाते आणि पुढे कधीही, एक चाल खर्चून, पटावरच्या रिकाम्या घरात उतरवता येते. शत्रू थेट राजाच्या अंगणात उगवू शकतो. म्हणून राजाभोवती सोंगट्यांचा नीट बांधलेला किल्ला लागतो. असे किल्ले शोगीत डझनावारी आहेत, पण एका खेळाडूच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतात ते मुख्यतः तीन: मिनो, यागुरा आणि अनागुमा.

किल्ल्याचं बळ सगळ्या दिशांना सारखं नसतं. समोरून अभेद्य वाटणारा बाजूने पोकळ असतो, बाजूने भक्कम असणारा तिरप्या रेषेत उघडा पडतो. त्यामुळे चांगला आक्रमक आधी समोरची मांडणी वाचतो आणि मग हल्ल्याची दिशा ठरवतो. यात सर्वात जास्त कामाला येतो तो राजाच्या अंगरक्षकांचा स्वभाव. सुवर्ण सेनापती एक घर पुढे, मागे, आडवा आणि पुढच्या दोन्ही तिरप्या घरांत जातो. मागच्या तिरप्या घरांत त्याला जाता येत नाही. रजत सेनापती पुढच्या तिन्ही आणि मागच्या दोन्ही तिरप्या घरांत जातो. त्याला आडवं किंवा सरळ मागे जाता येत नाही. किल्ल्यांची बहुतेक छिद्रं या दोन ‘येत नाही’मधून तयार होतात.

घरांची नावं दोन आकड्यांनी सांगतात. पहिला आकडा उजवीकडून मोजलेल्या उभ्या ओळीचा, दुसरा वरून मोजलेल्या आडव्या ओळीचा. इथे प्रत्येक ठिकाणी किल्ला पटाच्या वरच्या बाजूला आहे आणि हल्ला खालून येतो आहे, असं धरू.

मिनो बांधायला राजाच्या तीन, रजताची एक आणि सुवर्णाची एक अशा पाचच चाली पुरतात. दुसरा सुवर्ण जागचा हलतही नाही. राजा ८-२ वर, त्याच्या शेजारी ७-२ वर रजत, ६-१ आणि ५-२ वर सुवर्ण. हे तिघे एकमेकांना राखतात, म्हणून आडव्या दिशेने आलेल्या हत्तीला या भिंतीतून वाट काढताना बराच वेळ लागतो. नवशिक्या तिथेच डोकं आपटत बसतो. मिनोचं दुखणं तिरप्या रेषेत आहे. ५-५ वर उंट ठेवला की त्याची नजर ६-४ आणि ७-३ वरून थेट ८-२ वरच्या राजापर्यंत जाते. मध्ये आडवं असतं ते फक्त ७-३ वरचं प्यादं. अर्थात ६-४ हे घर रिकामं हवं. तिथे प्यादं पुढे आलेलं असेल तर रेषाच बंद होते.

रेषा उघडी असेल तर हातातला घोडा ७-४ वर उतरवायचा. शोगीतला घोडा फक्त पुढे उडी मारतो, दोन घरं पुढे आणि एक बाजूला, म्हणून ७-४ वरून तो ८-२ आणि ६-२ या दोन घरांवर मारा करतो. राजाला शह बसला. शोगीत प्यादं समोरच्याच घरात मारतं, म्हणजे एरवी ७-३ च्या प्याद्याने हा घोडा सहज उचलला असता. पण आता ते हललं की मागचा राजा उंटाच्या माऱ्यात येतो. प्यादं जखडलं गेलं. घोडा मारता येत नाही, तेव्हा राजालाच पळावं लागतं.

तो ९-२ ला गेला तर ८-२ वर सुवर्ण उतरवायचा. त्याला घोड्याचा आधार आहे, त्यामुळे राजा त्याला मारू शकत नाही. ७-२ वरच्या रजताला आडवं सरकता येत नाही, म्हणून शेजारी असूनही तो निरुपयोगी ठरतो. ८-१ वर स्वतःचाच घोडा, ९-१ वर स्वतःचाच भालाईत, ८-३ आणि ९-३ वर स्वतःचीच प्यादी. मात. हेच ९-३ चं प्यादं आधी एक घर पुढे, ९-४ वर, सरकवलेलं असेल तर राजा ९-३ ला निसटतो. म्हणून मिनो बांधणारे अनुभवी खेळाडू कडेच्या प्याद्याची ती एक चाल सहसा चुकवत नाहीत, आणि हल्ला करणाऱ्यानेही घोडा टाकण्याआधी पहिल्यांदा ते प्यादं पाहावं.

दुसरी वाट ७-१ ची, आणि बचावासाठी तीच अधिक चांगली. राजा तिथे गेला की दोन्ही सुवर्ण त्याच्या जवळ येतात. अशा वेळी आक्रमकाचा हत्ती आधीच वरच्या आडव्या ओळीत पोचलेला असेल, तर ६-१ चा सुवर्ण राजा आणि हत्ती यांच्यात अडकतो आणि ६-२ वर पडणाऱ्या पुढच्या घावाला त्याला उत्तर देता येत नाही. हत्ती तिथे नसेल तर घाईने दिलेला शह राजाला आपणच सुरक्षित जागी हाकलून देतो. मिनोवरचे अनेक हल्ले फसतात ते याच क्रमामुळे: घोडा आधी, हत्ती नंतर.

यागुराचं गणित उलटं आहे. राजा २-२ वर, ३-२ आणि ४-३ वर सुवर्ण, ३-३ वर रजत. ही भिंत समोरून येणाऱ्यासाठी बांधलेली असते. तिथे सरळ घुसणं महागात पडतं, म्हणून हल्ला पटाच्या कडेने नेतात. एक जुनी मांडणी अशी: १-५ वर प्यादं, १-७ वर भालाईत, त्याच्या मागे १-८ वर हत्ती आणि २-५ वर घोडा. भालाईत सरळ पुढे कितीही घरं जातो, त्यामुळे एकाच उभ्या ओळीत जोर साठतो आणि सगळ्यांचं लक्ष्य एकच, १-३ हे घर. हा डाव फसतो आहे हे ओळखायची खूण स्पष्ट आहे. बचाव करणाऱ्याने ३-३ चा रजत २-४ वर आणला की तो १-३, १-५ आणि २-५ या तिन्ही घरांवर पहारा देतो. मग कडेचा हट्ट सोडावा आणि रजताने रिकामी केलेली मधली बाजू धरावी. घोड्याला मागे फिरता येत नाही, त्यामुळे तो २-५ वर नेण्याचा निर्णय त्याआधीच नीट तपासलेला बरा.

हातात रजत आला की यागुराविरुद्ध आणखी एक घाव मिळतो आणि तो फार सुरेख आहे. रजत ४-१ वर, म्हणजे किल्ल्याच्या पाठीमागे उतरवायचा. तो मागच्या तिरप्या घरातून ३-२ च्या सुवर्णावर, राजाच्या सर्वात जवळच्या रखवालदारावर, मारा करतो. हा सुवर्ण त्याला मारू शकत नाही, कारण ४-१ हे त्याचं मागचं तिरपं घर. ४-३ च्या सुवर्णाचा हात तिथे पोचत नाही, राजाचाही नाही. वरच्या ओळीवर हत्तीचा पहारा नसेल तर हा घुसखोर तिथेच ठाण मांडून बसतो.

अनागुमात राजा थेट कोपऱ्यात शिरतो, बिळातल्या अस्वलासारखा. नावही त्यावरूनच पडलेलं आहे. १-१ वर राजा, डोक्यावर १-२ ला भालाईत, २-१ वर घोडा, २-२ वर रजत, ३-१ आणि ३-२ वर सुवर्ण. इथे साधा शहसुद्धा देता येत नाही. त्यामुळे अनागुमावाला आपल्या राजाची काळजी सोडून सगळ्या सोंगट्या हल्ल्यात झोकू शकतो. हत्ती मूळ जागी ठेवून हा किल्ला बांधायची पद्धत १९७० च्या दशकात तोराहिको तानाका या व्यावसायिक खेळाडूने रूढ केली, आणि हत्ती डावीकडे नेऊन मिनो बांधणाऱ्यांची त्यापुढे मोठी पंचाईत झाली.

पूर्ण झालेल्या अनागुमावर थेट घाव नसतो, एकेक वीट काढावी लागते. त्यासाठी सर्वात स्वस्त हत्यार म्हणजे बढती मिळालेलं प्यादं. ते सुवर्णासारखं चालतं, पण मारलं गेलं तर प्रतिस्पर्ध्याच्या हातात पुन्हा साधं प्यादं म्हणूनच पडतं. ते देऊन खरा सुवर्ण घेतला की भिंतही पातळ होते आणि हातात सुवर्णही येतो. अडचण वेळेची. ही सोलाई चालू असताना समोरचा तुमच्या राजापर्यंत किती चालींत पोचतो हे सतत मोजावं लागतं, आणि पाच चालींचा मिनो त्या शर्यतीत बहुतेक वेळा मागे पडतो.

यावरचं उत्तर ताकेशी फुजिई याने शोधलं. अनागुमाची एकूण किंमत त्याने हिशेबात धरली: राजाच्या चार चाली, भालाइताची एक, रजताची एक, सुवर्णांच्या चार, शिवाय उंटाला वाट करून द्यायच्या त्या वेगळ्या. इतका वेळ राजा वाटेत असतो, मग किल्ला पुरा होण्याची वाट का पाहायची? २२ डिसेंबर १९९५ रोजी केइता इनोउए याच्याविरुद्ध फुजिईने स्वतःचा राजा मूळ घरातून हलवलाच नाही. वाचलेल्या चाली त्याने हल्ल्याला दिल्या आणि डाव ४७ चालींत जिंकला. या पद्धतीला पुढे फुजिई सिस्टिम हे नाव मिळालं. १९९८ मध्ये कोजी तानिगावा याला ४-० ने हरवून त्याने ऱ्यूओ हा किताब मिळवला.

तिची रचना समजायला सोपी आहे. ७-७ वरच्या उंटाची तिरपी रेषा वाट मोकळी झाली की थेट १-१ च्या कोपऱ्यावर जाते, म्हणजे अनागुमाचा राजा जिथे लपायला निघालाय तिथेच. कोपऱ्याकडे जाणाऱ्या राजाला वाट देण्यासाठी समोरच्याचा उंट ३-३ वर आलेला असतो, आणि ३-७ वरून २-५ वर उडी घेतलेला घोडा नेमका त्याच उंटावर पडतो. कडेचं प्यादं आधीच १-५ पर्यंत गेलेलं असतं. प्रतिस्पर्ध्याने भालाईत १-२ वर उचलला की तो अनागुमाकडे निघाला हे उघड होतं, आणि तुटून पडण्याची वेळही तीच.

पण मूळ घरात उभा राजा म्हणजे उसनी घेतलेली सुरक्षितता. प्रतिस्पर्ध्याने अनागुमाचा नुसता आव आणून मध्येच हत्तीच्या बाजूने झटपट हल्ला चढवला, तर फुजिईच्या पद्धतीने खेळणाऱ्याला उघड्या राजासह लढावं लागतं. दुसऱ्या क्रमांकाने खेळताना हा धोका आणखी वाढतो, कारण सगळी आखणी एका चालीच्या फरकावर तोललेली असते आणि तीच एक चाल तेव्हा कमी पडते. जसजसे प्रतिस्पर्धी भालाईत उचलायला उशीर करू लागले, तसतसे फुजिई सिस्टिमवालेही आपला राजा कधी हलवायचा आणि घोडा कधी उडवायचा याचा क्रम बदलत गेले.