सारख्या ड्यूट्या, असमान तास

प्रथम सत्र परीक्षेच्या आधी परीक्षा विभाग प्रमुख मुख्याध्यापिकांना एक मेल पाठवतात: कुणाची ड्यूटी कधी, त्याचा तक्ता सोबत. बहुतेक वेळा तो तक्ता 'सगळ्यांना समान' या तत्त्वावर केलेला असतो. शिक्षकांच्या खोलीत धुसफूस सुरू होते ती नेमकी त्यामुळेच.

एक काल्पनिक शाळा घेऊ. नववी-दहावीचे दोनशे विद्यार्थी, पंचवीस-पंचवीसचे आठ ब्लॉक, अठरा शिक्षक. सोमवारी मराठी, बुधवारी इंग्रजी, शुक्रवारी हिंदी. हे पेपर 80 गुणांचे आणि तीन तासांचे. मंगळवारी बीजगणित व इतिहास, गुरुवारी भूमिती व भूगोल, शनिवारी विज्ञानाचे दोन्ही भाग. हे 40 गुणांचे, दोन तासांचे. म्हणजे सहा दिवसांत नऊ सत्रं. प्रत्येक सत्राला आठ पर्यवेक्षक, एक रिलीव्हर आणि परीक्षा कक्षात उत्तरपत्रिका-पुरवण्या मोजायला एक, असे दहा जण लागतात. एकूण नव्वद ड्यूट्या, भागिले अठरा, प्रत्येकी पाच. हिशेब इतका सुबक जमला की पुढे कुणी बघतच नाही.

पण ज्याचा पेपर, त्याला त्या सत्रात वर्गावर पाठवायचं नाही, हा शाळांमधला जुना आणि शहाणा रिवाज. गणित-विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाची यामुळे चार सत्रं बाद होतात. उरतात पाच आणि त्यातली तीन नेमकी भाषांची, तीन तासांची. पाच ड्यूट्या दिल्या की त्याचे तेरा तास भरतात. कलाशिक्षकाला मात्र दोन-दोन तासांची पाच सत्रं मिळाली, तर दहाच. कागदावर दोघांपुढे '5' असतो. शिवाय गणितवाल्याकडे एकही सत्र राखीव उरत नाही. त्याने भाषेच्या दिवशी रजा टाकली, तर ती ड्यूटी त्याच्याकडून दुसऱ्या दिवशी भरून घेता येत नाही.

म्हणून ड्यूट्या नाही, तास मोजावेत. आपल्या शाळेत एकूण 210 तास भरतात, माणशी पावणेबाराच्या आसपास. चार गणित-विज्ञान शिक्षकांना दोन मोठ्या आणि दोन छोट्या ड्यूट्या दिल्या की बाकीचं असं बसतं:

| शिक्षक | प्रत्येकी मोठ्या ड्यूट्या | प्रत्येकी छोट्या ड्यूट्या | प्रत्येकी तास |
|---|---|---|---|
| गणित-विज्ञान, 4 | 2 | 2 | 10 |
| भाषा व समाजशास्त्र, 10 | 2 | 3 | 12 |
| भाषा, 2 | 1 | 5 | 13 |
| कला व क्रीडा, 2 | 0 | 6 | 12 |

कला आणि क्रीडावाल्यांना सहा ड्यूट्या दिसल्या की भुवया उंचावणारच. पण सोमवार, बुधवार, शुक्रवार ते पूर्ण मोकळे आहेत. गणितवाल्यांचे दोन तास कमी ठेवलेत तेही मुद्दाम. स्वतःच्या पेपरच्या सत्रात त्यांनी शाळेतच थांबायचं असतं; प्रश्नात छपाईची चूक निघाली तर सगळ्या ब्लॉकना एकच उत्तर मिळावं म्हणून. ती ड्यूटी तक्त्यात कधी दिसत नाही.

आता मेल. मुख्याध्यापिका तो दोन बैठकींच्या मधे, फोनवर वाचणार. जोडलेली एक्सेल फाइल फोनवर उघडून आडवी सरकवण्याइतका धीर त्यांच्याकडे नसतो, म्हणून वरचा छोटा तक्ता मेलमध्येच हवा. नावनिशीवार मोठा तक्ता सोबत जोडावा. असं काहीसं:

विषय: प्रथम सत्र परीक्षा, पर्यवेक्षण तक्ता, गुरुवारपर्यंत मंजुरी हवी

आदरणीय मॅडम,
सोबत पर्यवेक्षणाचा प्रस्तावित तक्ता पाठवत आहे. वाटणी ड्यूट्यांच्या संख्येवर नसून तासांवर केली आहे, त्यामुळे काहींना चार तर काहींना सहा ड्यूट्या दिसतील. स्वतःच्या विषयाच्या सत्रात कुणालाही ड्यूटी नाही. प्रत्येक सत्रासाठी एक राखीव नाव वेगळं दिलं आहे.
आपला निर्णय दोन बाबींवर हवा आहे: राखीव शिक्षकाला ऐन वेळी ड्यूटी देण्याचा अधिकार परीक्षा विभागाला असावा का, आणि अदलाबदल किती आधी कळवावी.
शुक्रवारी तक्ता फलकावर लावावा, असा विचार आहे.

यात 'चार आणि सहा' चा खुलासा आधीच आहे, कारण तक्रार घेऊन कुणीतरी केबिनमध्ये जाणार हे ठरलेलं. मॅडमकडे तेव्हा उत्तर तयार असावं. मंजुरीची तारीखही विषयातच घातली आहे. मजकुराच्या शेवटी लिहिलेली तारीख कुणी वाचत नाही, हा माझा अनुभव.

ब्लॉक क्रमांक मात्र या तक्त्यात घालू नयेत. कोण कोणत्या वर्गात, हे त्या दिवशी सकाळी चिठ्ठी काढून ठरवावं. आठवडाभर आधी ते कळलं, तर अमुक वर्ग नको, तमुक मजला नको, अशा विनंत्यांनी तक्ता मंजुरीआधीच विस्कटतो. मंजुरीनंतरच्या अदलाबदलीला दोघांच्याही सह्या हव्यात, त्याही परीक्षा कक्षातल्या एकाच प्रतीवर. व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेली अदलाबदल घंटा झाल्यावर कळते, ती पर्यवेक्षक नसलेल्या वर्गामुळे.