‘तुरळक ठिकाणी’ला हात लावू नये

पावसाळ्यात वृत्तपत्राच्या कचेरीत दुपारनंतर हवामान खात्याचे पत्रक येते. त्यातले वाक्य साधारण असे असते : ‘मध्य महाराष्ट्रात घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पाऊस पडण्याची शक्यता आहे.’ उपसंपादकाला ते सरकारी आणि निर्जीव वाटते. तो लेखणी चालवतो आणि दुसऱ्या दिवशी छापून येते : ‘पश्चिम महाराष्ट्राला अतिवृष्टी झोडपणार.’ वाक्य जिवंत झाले, पण त्यातली जवळजवळ सगळी माहिती गेली.

कशी गेली, ते एकेका शब्दावरून पाहता येते. ‘तुरळक ठिकाणी’ हा खात्याच्या भाषेत अंदाजपंचे शब्द नाही. एखाद्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर तसा पाऊस अपेक्षित असेल तरच तो वापरतात. त्याच्या वर, ५० टक्क्यांपर्यंत, ‘काही ठिकाणी’ येते. म्हणजे विभागात शंभर केंद्रे धरली, तर वरच्या वाक्यानुसार पंचाहत्तर किंवा त्याहून जास्त ठिकाणी एवढा मोठा पाऊस अपेक्षितच नाही. ‘झोडपणार’ म्हटल्यावर ही पंचाहत्तर ठिकाणेही भिजली.

हा फरक किती खरा असतो, ते मुंबईने २६ जुलै २००५ रोजी पाहिले. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तिथून जेमतेम वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्यात तो ७३ मिलिमीटरच्या आसपास होता. शहर एक, दिवस एक, आणि पाऊस जवळपास तेरापट कमी.

‘मुसळधार’चेही तसेच आहे. बोलताना आपण चांगली सर आली तरी मुसळधार म्हणतो. पत्रकात मात्र सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, आणि त्यापुढे २०४.४ पर्यंत अति मुसळधार. आता ‘अति मुसळधार’ लांबलचक वाटते म्हणून ‘अतिवृष्टी’ लिहिले की घोटाळा दुहेरी होतो. महाराष्ट्राच्या महसूल खात्यात अतिवृष्टी हा शब्द आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि पिकांच्या नुकसानीचे पंचनामे व मदत यांचा संबंध तिथे येतो. म्हणजे महसुलाची अतिवृष्टी हवामान खात्याच्या साध्या ‘मुसळधार’पाशीच सुरू होते. शेतकऱ्याच्या कानावर हा शब्द पडतो तेव्हा त्याला आभाळाइतकीच तलाठ्याची आठवण होते.

‘मध्य महाराष्ट्र’ बदलून ‘पश्चिम महाराष्ट्र’ करणे ही चूक तर फार सहज होते, कारण कोल्हापूर-सातारा कुणाला मध्य वाटत नाही. पण हवामान खात्याच्या मध्य महाराष्ट्रात कोल्हापूरही आहे आणि नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबारही. नाव बदलताच खानदेश इशाऱ्याच्या बाहेर पडतो. त्यातच ‘घाटमाथ्यावर’ गाळले, की सह्याद्रीच्या कड्यांपुरता असलेला इशारा सोलापूरच्या माळरानापर्यंत पसरतो. दरड कोसळण्याची भीती असलेल्या वाडीला जे ठळकपणे कळायला हवे, नेमके तेच पुसट होते.

अशी वाक्ये ओळखायची कशी? अनुभवी उपसंपादक एक साधी गोष्ट करतात. शब्दाच्या जागी त्याचा समानार्थी शब्द घालून पाहतात आणि विचारतात, यामुळे कुणाचे गाव, आकडा किंवा कृती बदलते का? ‘पडण्याची शक्यता आहे’ ऐवजी ‘पडू शकतो’ लिहिले तर बहुधा काही बिघडत नाही. ‘दाट शक्यता’ लिहिले तर बिघडते, कारण शक्यतेच्याही खात्याने टक्केवारीत पायऱ्या ठरवल्या आहेत. ‘कमी दाबाचे क्षेत्र’ आणि ‘कमी दाबाचा पट्टा’ यांची अदलाबदल तर सर्रास होते. पहिल्यात वारे एका केंद्राभोवती फिरतात आणि त्यातून पुढे वादळ घडू शकते. दुसरा शेकडो किलोमीटर लांब पसरलेला असतो. दोन्ही एक नव्हेत.

दुसरी खूण अशी, की तीच शब्दरचना पत्रकात रोज जशीच्या तशी येते. साहित्यात पुनरुक्ती हा दोष असेल, इथे ती मुद्दाम केलेली असते. कालचे ‘तुरळक ठिकाणी’ आज ‘काही ठिकाणी’ झाले, तर पाऊस पसरतो आहे, एवढे त्या एका बदलातून कळते. कंटाळा टाळायला रोज नवा शब्द वापरणाऱ्या बातमीत हा बदल कुणालाच दिसणार नाही.

वाचकाला सोपे करून सांगण्याची इच्छा मात्र योग्यच आहे. त्यासाठी मूळ वाक्य तसेच ठेवून त्याच्या शेजारी दुसरे लिहावे लागते. वरची बातमी मग अशी होते : ‘मध्य महाराष्ट्रात घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पाऊस पडण्याची शक्यता आहे. म्हणजे घाटातल्या थोड्याच ठिकाणी, पण तिथे एका दिवसात सहा-सात ते वीस सेंटिमीटरपर्यंत पाऊस होऊ शकतो.’ जागा दोन ओळी जास्त लागते.