चार रेझ्युमे, एकच वाक्य

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत भरतीचं काम पाहणाऱ्या बाईंनी कॅम्पस ड्राइव्ह आटोपल्यावर एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला पत्र धाडलं. सोबत चार रेझ्युमे होते, नावं पेनानं खोडलेली. चौघांच्या प्रोजेक्टखाली एकच वाक्य होतं, तेही स्पेलिंगच्या त्याच चुकीसकट: ‘जावा आणि मायएसक्यूएल वापरून हजेरीची सिस्टीम बनवली.’

चौघं एकाच ग्रुपमधले, त्यामुळे वाक्य खोटं नव्हतं. पण कोणी काय केलं, हे त्यातून कळायला मार्ग नव्हता. त्यांच्यापैकी एकाला मुलाखतीत सहज विचारलं, की सरांनी हजेरीचं बटण चुकून दोनदा दाबलं तर? तो म्हणाला, “मॅडम, सुरुवातीला दोन नोंदी व्हायच्या. मग मी रोल नंबर, तारीख आणि तास या तिन्हींवर मिळून UNIQUE लावलं. दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो.” बाईंनी पत्रात लिहिलं होतं, की हे उत्तरच रेझ्युमेत हवं होतं. मग त्यांनी ते लिहूनही दाखवलं: ‘हजेरी अ‍ॅपचा डेटाबेस माझ्याकडे होता, एकाच तासाची दुबार नोंद UNIQUE लावून थांबवली.’ ओळ जरा लांब झाली, पण ती उरलेल्या तिघांना उचलता येत नाही. त्यांना आपापली शोधावी लागते.

कौशल्यांच्या यादीचंही तेच. सी, सी++, जावा, पायथन अशी माळ आणि शेजारी रंगीत पट्टी: जावा ऐंशी टक्के. ऐंशी टक्के कशाचे, हे विचारल्यावर मुलं हसतात. जी भाषा खाली एकाही प्रोजेक्टमध्ये दिसत नाही ती यादीतून काढा, एवढंच बाईंचं म्हणणं.

दुसरी तक्रार साच्याची. दोन रकान्यांचा देखणा रेझ्युमे डोळ्यांना बरा दिसतो. पण अर्ज छाननीचं सॉफ्टवेअर त्यातला मजकूर उपसून घेतं, तेव्हा काही वेळा डावी-उजवी ओळ सलग वाचतं आणि ‘पायथन’च्या पुढे बारावीचे मार्क येऊन बसतात. सगळ्याच कंपन्यांत असं होत नाही. पण तपासायला मिनिटही लागत नाही. पीडीएफ उघडायची, सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. क्रम विस्कटला तर साचा बदलायचा. काहीच पेस्ट झालं नाही, तर ती पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र आहे; त्यातला फोन नंबरही यंत्राला वाचता येईलच असं नाही.

गंमत म्हणजे हा साचा मुलांनी शोधलेला नव्हता. सगळ्यांचे रेझ्युमे एकसारखे दिसावेत म्हणून सेलनंच तो वाटला होता, नमुन्याच्या वाक्यांसह. म्हणून तर पत्र मुलांना न जाता टीपीओंच्या टेबलावर गेलं. शेवटची विनंतीही त्यांनाच होती: पुढच्या ड्राइव्हआधी एका ग्रुपचे चारही रेझ्युमे शेजारी शेजारी ठेवून वाचा, आणि जुळणाऱ्या ओळी असतील तर मुलांना परत द्या.