मित्रानं लावायचं नोंदणी लग्न

हल्ली नोंदणी पद्धतीनं लग्न करणारी जोडपी एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला सांगतात, "आमचं लग्न तूच लाव." मित्र होकार देतो आणि रात्री इंटरनेटवर एखादा इंग्रजी मसुदा शोधतो. त्यात हमखास एक वाक्य असतं: मला मिळालेल्या अधिकारानं मी तुम्हाला पती-पत्नी घोषित करतो. आपल्याकडे ते खोटं ठरतं, कारण असा अधिकार मित्राला मिळालेलाच नसतो. अमेरिकेत तसं नाही. तिथल्या अनेक राज्यांत मित्र ऑनलाइन दीक्षा घेऊन कायदेशीर लग्न लावू शकतो आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तर एका दिवसापुरती परवानगी मिळते. भारतात १९५४च्या विशेष विवाह कायद्यानं होणारं लग्न विवाह अधिकाऱ्यासमोरच व्हावं लागतं.

मग मित्राला जागा कुठे? ती त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात आहे. विवाहाचा विधी कोणत्या पद्धतीनं करायचा हे जोडप्यानं ठरवावं, असं हे कलम सांगतं. अट एकच. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना, दोघांनाही कळणाऱ्या भाषेत, "मी तुझा कायदेशीर पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकार करते, करतो" या अर्थाचं वाक्य म्हटलं पाहिजे. एवढं झाल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. म्हणजे मित्राला सगळी संहिता एका वाक्याभोवती रचायची आहे आणि नेमकं तेच वाक्य त्यानं स्वतः म्हणायचं नाही.

वधूवरांनी स्वतः बोलायची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८८७मध्ये सत्यशोधक पद्धतीच्या मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका काढली. त्यातली मंगलाष्टकं वधूवरच म्हणतात. वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर ते देण्याची शपथ घेतो. आपल्या मित्रानं इंग्रजी मसुद्याआधी हे वाचलं तर बरं.

आता प्रत्यक्ष संहिता. समजा, वधू मुक्ता आणि वर अनिकेत. विधी दहा मिनिटांचा ठेवावा. सावकाश बोलताना मिनिटाला शंभरेक शब्द होतात, तेव्हा टाळ्या आणि हशा धरून सात-आठशे शब्द पुरतात. सुरुवात हलकी हवी, कारण पाहुण्यांना भटजी दिसत नसतात आणि लग्न सुरू झालंय की अजून चहा चाललाय, हेच कळत नसतं.

"नमस्कार. मी पुरोहित नाही. विवाह अधिकारी तर नाहीच, ते इथे बसले आहेत. माझी पात्रता एवढीच की या दोघांची भांडणं मी दोन्ही बाजूंनी ऐकली आहेत. आजचा मुहूर्त साडेअकराचा. पंचांगात सापडणार नाही. साहेबांना साडेबाराला दुसरीकडे जायचं आहे, म्हणून तो शुभ."

मग दोघांविषयी एकच गोष्ट, दोन मिनिटांत. "मुक्ता कुठंही दहा मिनिटं आधी पोचते. अनिकेत आंघोळीला जाण्यापूर्वी 'निघालोच' म्हणून सांगतो. कायद्यानं नोटीस दिल्यावर या दोघांना तीस दिवस थांबायला लावलं. अनिकेतला वेळेवर पोचायला साधारण तेवढे लागतातच."

या तीस दिवसांवरून आणखी एक विनोद जिभेवर येतो. नोटिशीवर हरकत घ्यायची मुदत तेवढीच असते, तेव्हा "आता हरकतीची मुदत संपली, काका" असं म्हणायचा मोह होतो. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्न असेल आणि एखादं घर महत्प्रयासानं राजी झालेलं असेल, तर तो गिळावा. समोर बसलेल्या काकांनी खरोखरच हरकत घ्यायचं मनात आणलेलं असू शकतं. जुनी प्रेमप्रकरणं, वजन आणि सासूसून हे विषयही तसेच. विनोद जोडप्याच्या अशा खोडीवर असावा, जिच्यावर ते दोघं स्वतःच रोज हसतात.

इथून वळण घ्यायचं. ते नीट जमलं नाही तर पुढच्या वचनांवरही लोक हसत राहतात. त्यामुळे हशा पूर्ण ओसरू द्यावा, कागद खाली करावा आणि साधं वाक्य म्हणावं: "आता आपण सगळे उभे राहू या." खुर्च्यांचा आवाज थांबेपर्यंत सभागृहाचा नूर बदललेला असतो. त्यानंतर कायदेशीर वाक्य होईपर्यंत एकही विनोद नाही.

"मुक्ता, अनिकेत, मी विचारेन. उत्तर माझ्याकडे नाही, एकमेकांकडे बघून द्या. कमाई कुणाचीही जास्त असो, पैशाचा निर्णय दोघं मिळून घ्याल?"

"घेऊ."

"दोघांच्याही आईवडिलांचं आजारपण हे दोघांचं काम मानाल?"

"मानू."

"राग आला तरी बोलणं बंद करणार नाही आणि चारचौघांत एकमेकांचा अपमान करणार नाही, असं वचन देता?"

"देतो."

वचनं तीनच, आणि पाळली की मोडली हे सांगता येईल अशी. "सुखदुःखात साथ देईन" याला कुणीच नाही म्हणत नाही. मोडल्याचं लक्षातही येत नाही. प्रश्न आधी दोघांना दाखवून ठेवावेत. ऐन वेळी आईवडिलांच्या प्रश्नावर वराला विचारात पडलेलं पाहणं कुणालाच नको.

त्यानंतर मित्रानं माइक मुक्ताच्या हातात द्यावा आणि दोन पावलं मागं सरकावं. अधिकारी आणि तिन्ही साक्षीदारांना ऐकू जाईल असं ती म्हणते, "मी, मुक्ता, तुझा, अनिकेतचा, माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकार करते." तसंच वाक्य तो म्हणतो. कंठ दाटला तरी दुसऱ्यानं वाक्य पुरं करू नये, थांबावं. मोठ्या अक्षरांत लिहिलेलं कार्ड दोघांच्या हातात असलं की पाठांतराची धास्ती राहत नाही. लगेच हार घालावेत, आणि मित्राचं शेवटचं वाक्य घोषणेऐवजी बातमीसारखं असावं: "मंडळी, यांचं लग्न झालं!"

प्रमाणपत्रावर सह्या झाल्या की विनोदाला पुन्हा वाव. इथे उखाण्यासारखं दुसरं काही नाही, फक्त तो दोघांनीही घ्यावा. मुक्ताचा असा होईल: "तीन साक्षीदार, एक सही, पेन होतं उसनं, अनिकेतचं नाव घेते, सोडून सगळं रुसणं." अनिकेतनं आपला स्वतः जुळवावा.

दोन गोष्टी आठवडाभर आधी पाहून ठेवाव्यात. अधिकारी सभागृहात येणार आहेत का, हे कार्यालयात विचारून घ्यावं. ठरावीक जादा शुल्क भरून त्यांना वाजवी अंतरावर बोलावता येतं, पण ते येणार नसतील आणि जोडपं सोमवारी कार्यालयात जाऊन रविवारी समारंभ करणार असेल, तर कायद्याच्या दृष्टीनं लग्न सोमवारचं. अशा वेळी रविवारी मित्रानं "आज यांचं लग्न झालं" म्हणू नये, "झालेल्या लग्नाची वचनं आज तुमच्यासमोर" असं म्हणावं. दुसरं, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीस बाद होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. हॉलची तारीख त्या हिशेबानंच घ्या. आणि सही करण्यापूर्वी प्रमाणपत्रावरची नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. नंतर दुरुस्तीसाठी खेटे घालायला मित्र येत नाही.