पहिला आठवडा आणि अडकलेली चलनं

भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे तिथला कामाचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. समजा, अशाच एका शुक्रवारी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कारखान्यात नव्या स्टोअर इनचार्ज रुजू होतात. वय तिशीतलं, मागच्या ठिकाणचा सात-आठ वर्षांचा अनुभव. हाताखाली चार माणसं, त्यातले एक काका वीस वर्षांपासून याच स्टोअरमध्ये आहेत आणि ही जागा आपल्याला मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. हा प्रसंग रचलेला आहे, पण कारखान्यात काम केलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. ओळखी करून घेणं आणि पहिलं दिसणारं काम करून दाखवणं या दोन गोष्टी पहिल्या आठवड्यात वेगवेगळ्या करायच्या नसतात, हे या उदाहरणातून नीट दिसतं.

स्टोअरमध्ये नवा माणूस आला की त्याचा हात सगळ्यात आधी रॅककडे जातो. माल इकडचा तिकडे लावायचा, रंगीत पट्ट्या मारायच्या, नव्या पाट्या लावायच्या. दोन दिवसांत फरक दिसतो, फोटो छान येतात. पण रात्रपाळीच्या माणसाला कटिंगची इन्सर्ट कुठल्या खणात असते हे पाटी वाचून कळत नसतं, ते हाताला माहीत असतं. खण बदलला की रात्री दीड वाजता मशीन उभं राहतं आणि सकाळी प्रॉडक्शनचे साहेब स्टोअरच्या दारात उभे असतात. पहिल्या आठवड्यात जे काम निवडायचं, त्यासाठी दुसऱ्या कुणालाही स्वतःची सवय बदलावी लागू नये, ही माझी पहिली अट आहे. दुसरी अट अशी, की त्या कामाचा त्रास आधीपासून चार जणांना होत असावा.

या दोन्ही अटींत बसणारी गोष्ट बहुतेक स्टोअरमध्ये टेबलाच्या कोपऱ्यात साचलेली असते. ती म्हणजे जीआरएन न झालेली चलनं.

माल गेटवर आला की सिक्युरिटी नोंद करून चलनावर शिक्का मारते. स्टोअर माल मोजून किंवा वजन करून उतरवून घेतं. क्यूसीवाले नमुने तपासून पास-नापास ठरवतात. मग संगणकात जीआरएन होतं, म्हणजे माल मिळाल्याची रीतसर नोंद. अकाउंट्समध्ये पीओ, जीआरएन आणि पुरवठादाराचं बिल ही तिन्ही जुळली की पैसे निघतात. जीआरएन अडकलं की बिल अडकतं. पुरवठादार परचेसला रोज फोन करतो, परचेस स्टोअरला बोलतं, स्टोअर क्यूसीकडे बोट दाखवतं. माल रॅकवर असतो पण संगणकात नसतो, म्हणून प्लॅनिंगवाला तोच माल पुन्हा मागवतो.

यात कायद्याचाही भाग आहे, आणि तो बऱ्याच स्टोअरवाल्यांना कुणी सांगितलेलाच नसतो. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी तो स्वीकारला असं कायदा धरतो. म्हणजे चलन क्यूसीच्या ट्रेमध्ये पडून राहिलं तरी दिवस मोजले जातच असतात. त्यात 2023-24 या आर्थिक वर्षापासून अशा पुरवठादाराचं देणं मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च आयकरासाठी त्या वर्षी धरता येत नाही, पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी धरावा लागतो. मार्च जवळ आला की अकाउंट्सचे साहेब जुन्या चलनांवरून का चिडतात, याचं हे कारण.

आता आपल्या मॅडमचा आठवडा बघू. शुक्रवारी सकाळी त्यांनी पहिलं काम केलं ते आयटीकडे लॉगिन आणि जीआरएन करण्याचे अधिकार मागण्याचं. हे साधं वाटतं, पण मंजुरी साहेबांची, फॉर्म एचआरचा आणि काम आयटीचं असतं, त्यामुळे मागणी सोमवारी केली तर अर्धा आठवडा हातातून जातो. मग त्या प्लांट हेडकडे बसल्या. विचारलं, “स्टोअरबद्दल तुमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रार कुणाची येते? आणि महिनाभर मी कशाला हात लावू नये?” दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. साहेब म्हणाले, परचेस रोज डोकं खातं, आणि मोठ्या ग्राहकाचं ऑडिट तोंडावर आहे तेव्हा रॅक हलवू नका. ‘द फर्स्ट 90 डेज’ या 2003 सालच्या पुस्तकातून मायकेल वॉटकिन्स यांनी सुरुवातीच्या लहान यशांची कल्पना व्यवस्थापनात रुजवली. ते यश वरिष्ठांच्याही लेखी महत्त्वाचं असावं, हा त्यातला भाग मात्र लोक विसरतात.

दुपारी मॅडम गेटवर गेल्या आणि एका गाडीसोबत चालत राहिल्या. गेट, वजनकाटा, उतरवण्याची जागा, क्यूसीचं टेबल, रॅक. प्रत्येक ठिकाणी नाव सांगून एकच प्रश्न विचारला, “स्टोअरमुळे तुमचं कुठं अडतं?” उत्तर वहीत त्याच माणसाच्या शब्दांत लिहिलं. सिक्युरिटीचे मामा म्हणाले, “रात्री गाडी आली की कुणाला फोन करायचा तेच कळत नाही. ड्रायव्हर आमच्यावर ओरडतो.” क्यूसीतली मुलगी म्हणाली, “माल ठेवून जातात, पण कुठल्या पीओचा ते लिहीत नाहीत. शोधण्यातच वेळ जातो.” प्रॉडक्शनकडून काय ऐकायला मिळेल याचा अंदाज त्यांना होता, तरी दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरला भेटायला त्या संध्याकाळी थांबल्या. दिवसपाळीचे साहेब सांगत नाहीत ते तो सांगतो.

कुणालाही “करून टाकते” असा शब्द दिला नाही. पण रविवारी गेटवर रात्रीच्या फोन नंबरांचा कागद लागला, आणि माल ठेवताना पीओ नंबर व तारीख लिहायची चिठ्ठी सुरू झाली. दोन्ही गोष्टींना मिळून एक तास लागला असेल. आपण बोललो त्याचं काहीतरी झालं, हे मामांना आणि त्या मुलीला तिसऱ्या दिवशी दिसलं. ओळख पक्की होते ती इथे.

काकांचा प्रश्न नाजूक होता. शनिवारी सकाळी मॅडमनी चलनांचा गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, “काका, यातलं कुठलं का राहिलंय ते तुमच्याइतकं इथं कुणाला माहीत नाही. आपण दोघं मिळून वेगळी करू या का?” काकांनी आधी चष्मा पुसला, मग गठ्ठ्यातली सहा चलनं बाजूला काढली. “मॅडम, ही राहिलेली नाहीत. ही मी अडवलीत. हा पट्टीवाला दर गाडीला वजनात मारतो. लेखी कुणी द्यायला तयार नाही, म्हणून मी जीआरएन करत नाही.”

आकडा खाली आणण्याच्या घाईत मॅडमनी सगळीच चलनं निकाली काढली असती, तर ती सहाही गेली असती. वजनातली तूट कारखान्याच्या माथी बसली असती आणि काका कायमचे दुरावले असते. पहिल्या आठवड्यातल्या यशाचा खरा धोका हा आहे. जीआरएनची संख्या वाढवायची म्हणून मोजणी न करता, क्यूसीचा शिक्का नंतर घेऊ म्हणत नोंदी झाल्या, तर महिनाअखेरच्या स्टॉक मोजणीत फरक निघतो आणि लाइनवर नापास माल सापडतो. तसं झालं की त्या आठवड्याचं कौतुक कुणाच्या लक्षात राहत नाही.

दोघांनी मोजली तेव्हा चलनं 64 निघाली. 31 मध्ये फक्त क्यूसीची तपासणी बाकी होती. 14 मध्ये चलनावरचा आणि प्रत्यक्ष आकडा जुळत नव्हता, काकांची सहा यातलीच. 11 मध्ये पीओवरचा दर जुना होता किंवा पीओची संख्या संपली होती. 8 मालांना पीओच नव्हता, तोंडी सांगून मागवलेले. सगळ्यात जुनं चलन किती तारखेचं, हेही लिहिलं. काम सुरू करण्याआधीची ही मोजदाद फार गरजेची आहे, नाहीतर बुधवारी दाखवायला फरकच उरत नाही.

मॅडमनी फक्त पहिली 31 हातात घेतली, कारण तेवढीच स्वतःच्या आणि क्यूसीच्या बळावर सुटणारी होती. क्यूसीच्या साहेबांकडून रोज दुपारी एक तास मागून घेतला, आणि माल शोधून टेबलावर आणून देण्याचं काम स्टोअरच्या मुलांनी केलं. बुधवार संध्याकाळपर्यंत 27 मालांचं जीआरएन झालं. 4 नापास ठरले आणि पुरवठादारांना लेखी कळवलं गेलं. काकांच्या सहा चलनांपैकी ज्यांची 15 दिवसांची मुदत शिल्लक होती, त्यांचीही वजनातल्या तुटीची लेखी हरकत परचेसकडून त्याच दिवशी गेली.

मग प्लांट हेडना एक छोटा मेल. शनिवारी 64, आज 33. उरलेल्यांपैकी किती परचेसच्या निर्णयावर आणि किती मोजणीवर थांबलीत. काकांचं आणि क्यूसीच्या मुलीचं नाव, कुणी काय केलं त्यासह. मेलची प्रत परचेस, क्यूसी आणि अकाउंट्सला. आधीच्या इनचार्जबद्दल एक शब्दही नाही. तो माणूस सोडून गेलेला असला, तरी त्याचे मित्र तिथेच असतात.

हा रस्ता प्रत्येक ठिकाणी चालत नाही. काही कारखान्यांत जीआरएन मुद्दाम लांबवलं जातं, कारण हातात पैसे नसतात. ठरावीक दोन-चार मोठ्या पुरवठादारांचीच चलनं अडकलेली दिसली, आणि त्याबद्दल विचारल्यावर साहेब विषय बदलू लागले, तर प्रकरण स्टोअरच्या हातातलं नाही असं समजावं. अशा वेळी ढिगाला हात न लावता मालाची आणि तारखांची नोंद तेवढी अचूक ठेवावी, आणि पहिलं काम म्हणून दुसरं काही निवडावं. गेटवरच्या फोन नंबरांसारखी गोष्टही चालते.

शेवटी एक विनंती, नवा माणूस घेणाऱ्यांना. रुजू होण्याची तारीख तुम्हाला महिनाभर आधी माहीत असते. त्या दिवशी सकाळी त्याचं लॉगिन आणि कामाला लागणारे अधिकार तयार ठेवा. वरच्या उदाहरणातल्या मॅडमना ते बुधवारी मिळाले असते, तर त्या आठवड्यात एकही जीआरएन वेळेत झालं नसतं.