घाटात रेघ का झुकते

कार्यपत्रिकेवर एकच आलेख आहे आणि त्यातल्या रेघेचे सहा तुकडे आहेत. खाली आडव्या अक्षावर मिनिटे, डावीकडे उभ्या अक्षावर ‘तळोद्यापासूनचे अंतर (किमी)’. रेघ शून्यातून निघते, झपकन वर जाते, मग जरा झुकते, आडवी होते, पुन्हा वर, पुन्हा आडवी, आणि शेवटी एका लांब सरळ उतारावरून खालच्या अक्षाला येऊन टेकते. वर लिहिले आहे : तळोद्याहून धडगावला जाऊन परत आलेल्या जीपचा प्रवास.

तळोदा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत नववीच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसलो होतो. राज्याच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. त्यातले अंतर-काल आणि वेग-काल हे दोन्ही आलेख वर्गात शिकवून झाले होते. आता सरांनी हाताने काढून छापून आणलेली ही पत्रिका. अंतरे गणिताला सोयीची म्हणून ठरवलेली, पण रस्ता खरा. वर्गातली निम्मी मुले त्या रस्त्याने सुट्टीत घरी जातात आणि वाटेतला चांदसैली घाट त्यांना वळणावळणाने पाठ आहे.

पाठ असल्यानेच पहिला घोटाळा झाला. “घाट कुठे आहे, दाखवा,” असे सरांनी विचारल्यावर बहुतेक बोटे पहिल्या तुकड्यावर गेली. तिथेच रेघ सगळ्यात उभी. “आणि मधला आडवा भाग?” “सपाटीचा रस्ता, सर.” “शेवटचा?” “घाट उतरतो.” उत्तरे एकमेकांशी अगदी जुळत होती. आलेख त्यांनी डोंगराच्या चित्रासारखा वाचला होता. ही चूक डोंगरातल्या मुलांची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली गतीच्या आलेखांतल्या अडचणींवर निबंध प्रसिद्ध केला, तो महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांवरचा होता. रेघेचा आकार म्हणजेच वाटेचा आकार असे धरून चालणारे त्यांच्याकडेही होते.

सरांनी चूक म्हटले नाही. त्यांनी फक्त पत्रिकेच्या कडेला दोन ओळींचा तक्ता भरायला लावला : वेळ किती गेला, अंतर किती वाढले. पहिल्या तुकड्यात २० मिनिटांत १५ किमी. दुसऱ्यात २० ते ५० मिनिटे, म्हणजे ३० मिनिटांत १५ वरून २५, फक्त १० किमी. पहिल्यात ताशी ४५ किमी, दुसऱ्यात ताशी २०. मग तोच प्रश्न पुन्हा विचारला. खिडकीजवळच्या एका मुलाच्या चेहऱ्यावर आधी शंका आणि मग हसू आले. “सर, घाट दुसरा आहे. तिथे जीप रडत चढते.” रस्ता जितका उभा तितकी जीप हळू, आणि जीप जितकी हळू तितकी रेघ आडवी. म्हणजे या आलेखात घाट चढताना रेघ झुकते आणि तळोद्याकडच्या सपाटीला ती उभी राहते. जमिनीवर दिसते त्याच्या बरोबर उलट. मला वाटते, पुस्तकातल्या एकसमान गतीच्या गाडीपेक्षा हे एक उदाहरण या वर्गाला जास्त पुरले असते.

हिशेबात मात्र आणखी एक खाच होती, आणि ती सहज दिसणारी नव्हती. दुसऱ्या तुकड्याची चाल काढताना चार-पाच जणांनी तुकड्याच्या टोकाचा बिंदू घेतला : ५० मिनिटे, २५ किमी. २५ भागिले ५०, गुणिले ६०, उत्तर ताशी ३० किमी. आकडा गोल येतो, जीपला शोभतो, त्यामुळे संशय येत नाही. पण ही घाटातली चाल नव्हे. तळोदा सोडल्यापासून तिथवरची सरासरी आहे ती. उत्तर चुकले हे कसे ओळखायचे, तर त्याच रीतीने पुढचा आडवा तुकडा सोडवायचा. ६५ मिनिटांना अंतर २५ किमी, म्हणजे ताशी सुमारे २३ किमी. पण ५० ते ६५ या पंधरा मिनिटांत जीप जागची हललेली नाही. ड्रायव्हर रेडिएटरमध्ये पाणी ओततो आहे, माणसे चहा पितात. उभ्या जीपला चाल देणारी रीत टाकून द्यावीच लागते. चाल रेघेच्या उंचीत सापडत नाही. आडवे किती सरकलो आणि त्यात उभे किती चढलो, या पायरीत ती असते. सरांनी प्रत्येक तुकड्याखाली पेन्सिलीने अशी काटकोनी पायरी काढायला लावली. आडव्या तुकड्याखाली पायरी निघेचना, तेव्हा दोन मुली आपसांत म्हणाल्या, “शून्यच.”

चौथा तुकडा २० मिनिटांत १० किमी, ताशी ३०. मग धडगावला १५ मिनिटांचा थांबा, ८५ ते १०० मिनिटे. ही दुसरी आडवी रेघ पहिलीपेक्षा वरच्या उंचीवर आहे, म्हणून एकाने ती ‘जास्त चाल’ म्हणून लिहिली. पण उंचीवरून एवढेच कळते की जीप कुठे उभी आहे, २५ किमीवर की ३५ किमीवर. थांबा तो थांबाच.

परतीचा तुकडा सगळ्यात लांब, १०० ते १७० मिनिटे. ३५ किमी अंतर ७० मिनिटांत, ताशी ३० किमी. रेघ खाली येते ती उतारामुळे नव्हे. उभ्या अक्षावर तळोद्यापासूनचे अंतर आहे आणि तळोदा जवळ येतो आहे, म्हणून. मागचा एक मुलगा मात्र अडून बसला : “घाटात आणि सपाटीला सारखाच वेग? इतक्या जोरात घाट कोण उतरतो?” त्याचे बरोबर होते. एका सरळ रेघेचा अर्थच तो होतो, आणि खऱ्या जीपची रेघ घाटात झुकली असती, खाली आल्यावर उभी झाली असती. सरांनी त्याला फळ्यावर बोलावले आणि त्याच्या मनासारखी परतीची रेघ काढायला लावली. त्याने आधी झुकती आणि नंतर उभी अशी मोडलेली रेघ काढली, दोन्ही टोके जागच्या जागी ठेवून.

त्याच्यानंतर आलेल्या मुलीची चूक वेगळीच. तिची परतीची रेघ उजवीकडे न जाता डावीकडे वळली आणि जिथून निघाली होती त्या शून्यावर परत आली. जीप घरी आली, म्हणजे रेघही घरी यायला हवी. वर्ग हसला, पण नेमके काय बिघडले ते कोणाला सांगता येईना. सरांनी तिच्या रेघेवर ४० मिनिटांपाशी उभी पट्टी धरली. पट्टीने रेघ दोन ठिकाणी कापली. “एका वेळी जीप किती ठिकाणी असेल?” अशी पट्टी धरून कोणताही आलेख तपासता येतो. ती जिथे रेघेला दोनदा भेटते तिथे आलेख खोटा. त्याच पट्टीने सरळ उभी रेघही बाद होते, कारण एका क्षणात दहा किलोमीटर पार करणारी जीप या रस्त्यावर नाही.

इथे पुस्तकाबद्दल एक तक्रार करतो. ‘अंतर-काल आलेख’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. तळोद्यापासूनचे अंतर वाढते आणि कमीही होते. पण उभ्या अक्षावर ‘कापलेले एकूण अंतर’, म्हणजे जीपच्या मीटरवर वाढलेला आकडा घेतला, तर रेघ कधीच खाली येणार नाही. १०० मिनिटांनंतर ती ३५ वरून वर निघेल आणि १७० मिनिटांना ७० किमीवर पोचेल. परतीचा प्रवास या दुसऱ्या आलेखात दिसतच नाही, तो नुसता आणखी एक चढता तुकडा होतो. म्हणून सरांची सवय मला आवडली : रेघेकडे बघण्याआधी सगळ्यांनी उभ्या अक्षावरचे शब्द मोठ्याने वाचायचे, एकदा नव्हे, प्रत्येक प्रश्नाला. एकूण प्रवासाची सरासरी चाल ७० किमी भागिले १७० मिनिटे, म्हणजे ताशी २५ किमीला थोडी कमी. विस्थापन शून्य. पहिला आकडा मीटरच्या आलेखातून सरळ मिळतो, दुसरा तळोद्याच्या.

हे आलेख परीक्षेपुरते नाहीत. नंदुरबारवरून जाणाऱ्या उधना–जळगाव मार्गासारख्या लोहमार्गावर गाड्या चालवणाऱ्या कंट्रोलरचा तक्ता हाच असतो. वेळ आडवी, स्थानके आपापल्या अंतरावर उभ्या अक्षावर, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक रेघ. थांबा आडवा, जाणारी गाडी एका बाजूला झुकलेली, येणारी दुसऱ्या. दोन रेघा छेदतात तिथे त्या वेळी दोन्ही गाड्या एकाच जागी असतात. एकेरी मार्गावर म्हणूनच छेदबिंदू स्थानकाच्या रेषेवरच पडावा लागतो. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी १८७८ सालच्या आपल्या पुस्तकात पॅरिस–ल्योंच्या गाड्यांचा असा तक्ता छापला होता. पूर्वी कंट्रोलर हे पेन्सिलीने काढत, आता ते संगणकावर उमटते.

शेवटचा प्रश्न पत्रिकेच्या मागच्या बाजूला : याच प्रवासाचा चाल-काल आलेख काढा. आता वर्ग शांत झाला, आणि बऱ्याच जणांनी आधी पुढची रेघच उतरवून काढली. पट्टी आणि अक्ष वाचण्याची सवय इथे कामाला आली. नव्या आलेखात वर जाणारी तिरकी रेघच नाही, सगळे आडवे तुकडे. २० मिनिटांपर्यंत ४५ च्या उंचीवर, मग २० च्या, मग खालच्या अक्षावर चिकटलेला थांबा, मग ३०, पुन्हा अक्षावर, आणि परतीचा लांब तुकडा पुन्हा ३० च्या उंचीवर. पुढच्या बाजूला आडवी रेघ म्हणजे उभी जीप, इथे आडवी रेघ म्हणजे एकाच चालीने धावणारी. थांबलेली फक्त तीच, जी अक्षावर पडली आहे. या रेघांखालच्या आयतांची क्षेत्रफळे, मिनिटे तासांत करून, मोजली तर १५, १०, १० आणि ३५, एकूण ७० किमी. मीटरचा आकडा पुन्हा मिळाला, पण जीप गेली की आली, हे मात्र पुसले गेले. चालीऐवजी दिशेसकट वेग मांडला असता तर परतीचा तुकडा अक्षाखाली, उणे ३० वर गेला असता.

सरांनी मग पत्रिका उलट फिरवली. शेजारच्या तुकडीने काढलेला एक चाल-काल आलेख देऊन त्यावरून अंतराची रेघ काढायला सांगितली. एक मुलगी बराच वेळ पेन्सिल टेकवून बसली होती.

“सर, सुरुवात कुठून करू? तळोद्यातून की धडगावहून?”

“दिलंय का कुठे?”

तिने पान पुन्हा वाचले. “नाही.”

“मग तू ठरव. आणि ठरवलंस ते आधी अक्षावर लिही.”